कूफ्यातलं एक वाक्य आणि हदीसची पारख

श्रोतेहो, नमस्कार.

पैगंबर मुहम्मदांची वचनं आणि त्यांच्या वागण्याच्या आठवणी यांना हदीस म्हणतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. पण हदीसच्या ग्रंथात नुसतं वचन येत नाही. आधी नावं येतात : मला अमक्यानं सांगितलं, त्याला तमक्यानं, आणि असं करत करत थेट पैगंबरांच्या सहवासातल्या माणसापर्यंत. या साखळीला सनद म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक माणसाला रावी. वचन खरं धरायचं की नाही, हे जुने पारखी या सनदीवरून कसं ठरवत, ते आज एकाच वचनाच्या आधारानं बघू.

वचन असं आहे : "जो रात्री पुष्कळ नमाज पढतो, त्याचा चेहरा दिवसा सुंदर होतो." सुन्नी परंपरेत हदीसचे सहा संग्रह विशेष मानाचे आहेत. त्यांतल्या एकाचे कर्ते इब्न माजा. ते 887 साली वारले. त्यांच्या संग्रहात हे वचन आहे. सनद अशी : इब्न माजांना सांगितलं इस्माईल तल्हींनी, त्यांना साबित बिन मूसांनी, त्यांना शरीकनी, शरीकना आमशनी, आमशना अबू सुफियाननी आणि त्यांना जाबिर बिन अब्दुल्लांनी. जाबिर हे पैगंबरांचे सहाबी, म्हणजे प्रत्यक्ष सहवासातले.

साखळीत कुठे तुटलेलं दिसत नाही. वचन तर इतकं चांगलं की कुणाला नाकारावंसं वाटू नये. पारख्यांनी मात्र चांगुलपणा बाजूला ठेवला. वाक्य चांगलं असेल, पण पैगंबर ते बोलले का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

उत्तर शोधायला ते एकेका रावीपाशी थांबतात. माणूस सचोटीचा होता का? त्याची स्मरणशक्ती, किंवा त्याची वही, भरवशाची होती का? आणि ज्याचं नाव तो घेतो, त्याच्याकडून त्यानं खरोखर ऐकलं होतं का? या प्रश्नांची उत्तरं देणारे रावींचे चरित्रकोश तयार झाले. त्यांतला पंधराव्या शतकातले हदीसपंडित इब्न हजर यांचा एक मोठा कोश विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबाद दख्खनमध्ये, निजामाच्या राज्यात, बारा खंडांत छापला गेला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता.

आता आपली साखळी. जाबिर सहाबी, त्यांच्याबद्दल शंका घेतली जात नाही. अबू सुफियान खरे बोलणारे, पण जाबिरकडून त्यांनी स्वतः फार थोडं ऐकलं, बाकीचं एका लिखित वहीतून घेतलं, असं जुने जाणकार सांगत. आमश 765च्या सुमारास वारले. ते इराकमधल्या कूफा शहरातले मोठे हाफिज, म्हणजे हदीस पाठ असलेले, स्मरणशक्तीबद्दल नावाजलेले. त्यांची एक खोड मात्र नोंदवलेली आहे : कधी कधी मधला माणूस गाळून ते "अमक्याकडून" एवढंच म्हणत. म्हणून त्यांनी "मी ऐकलं" असं स्वच्छ म्हटलंय की नाही, हे पारखी बघत. शरीक कूफ्याचे काझी. त्यांच्याबद्दल इब्न हजर लिहितात, की माणूस खरा, पण पुष्कळ चुका करतो, आणि काझी झाल्यापासून त्याची स्मरणशक्ती बिघडली. एखाद्याच्या कारकिर्दीची अशी विभागणी मला फार प्रामाणिक वाटते. माणूस सरसकट चांगला किंवा वाईट न ठरवता, त्याच्याकडून कधी ऐकलं त्यावर किंमत ठरते.

राहिले साबित. ते नमाजी, विरक्त वृत्तीचे म्हणून प्रसिद्ध होते. पण धार्मिक माणूस म्हणजे भरवशाचा रावी, असं या शास्त्रात मानत नाहीत. भरवसा तपासायची रीत तुलनेची होती. एका गुरूचे अनेक शिष्य असत. त्या सगळ्यांची कथनं शेजारी ठेवायची. जो शिष्य बहुतेक वेळा इतर जाणत्या शिष्यांशी जुळतो, त्याची स्मरणशक्ती पक्की. जो वारंवार एकटाच काहीतरी वेगळं सांगतो, तो कमकुवत.

आमशचे शिष्य ढिगानं होते, त्यांत नावाजलेले पारखीही होते. त्यांच्यापैकी कुणाकडेच हे वाक्य नव्हतं. इतक्या प्रसिद्ध गुरूचं असं वचन नेमकं शरीकना आणि शरीककडून साबितनाच मिळावं, इथे संशय पक्का झाला.

पण मग दुसरी अडचण उभी राहिली. शरीककडून हेच वाक्य आपणही ऐकलं, असं सांगणारे आणखी काही जण होते. वरवर पाहता हा साबितना मिळालेला पाठिंबा. पारख्यांनी त्या माणसांची तपासणी केली, तर ते स्वतःच कमकुवत निघाले. वाक्य त्यांनी साबितकडून उचललं होतं आणि साबितचं नाव गाळून थेट शरीकशी जोडलं होतं. या प्रकाराला पारखी उघड शब्दांत हदीसची चोरी म्हणत. चार साक्षीदार एकाच माणसाचं ऐकून बोलत असतील, तर ती साक्ष एकाचीच. म्हणून नुसत्या सनदींची संख्या मोजून भागत नसे. त्या कुठे जाऊन मिळतात, ते शोधावं लागे.

हे वाक्य आलं तरी कुठून? हाकिम नावाचे इराणातल्या निशापूरचे विद्वान तो प्रसंग सांगतात. शरीक हदीस तोंडी सांगून लिहवून घेत होते. त्यांनी सनद म्हटली : आमश, अबू सुफियान, जाबिर, पैगंबर म्हणाले... आणि लेखनिकाला लिहायला वेळ मिळावा म्हणून ते थांबले. तेवढ्यात साबित आत आले. त्यांच्याकडे बघून शरीक कौतुकानं म्हणाले, "जो रात्री पुष्कळ नमाज पढतो, त्याचा चेहरा दिवसा सुंदर होतो." साबितना वाटलं, त्या सनदीचं वचन हेच.

दहाव्या शतकातले पारखी इब्न हिब्बान तर त्या सनदीचं मूळ वचनही देतात : माणूस झोपला की सैतान त्याच्या मानेमागे तीन गाठी मारतो. हे वचन रात्री उठून नमाज पढण्याबद्दलच आहे, त्यामुळे घोटाळा किती सहज झाला असेल हे लक्षात येतं.

हाकिम 1014 साली वारले, म्हणजे शरीकनंतर दोनशे वर्षांहून अधिक काळानं. त्यांची गोष्टही ऐकीवच, हे विसरू नये. ती बाजूला ठेवली तरी हे पैगंबरांचं वचन नव्हे, हा निकाल बदलत नाही, कारण तो आमशच्या इतर शिष्यांच्या मौनावर उभा आहे.

मतभेद झाला तो साबितच्या हेतूबद्दल. नवव्या शतकातले पारखी याह्या बिन मईन यांनी त्यांना सरळ खोटारडं म्हटलं. इतरांनी फक्त कमकुवत म्हणून सोडलं. पुढे तेराव्या शतकात इब्न सलाह यांनी हदीसशास्त्राचा पाठ्यग्रंथ लिहिला, तेव्हा हे उदाहरण त्यांनी बनावट हदीसच्या प्रकरणात घातलं, पण जाणूनबुजून केलेल्या बनावटीपासून वेगळं काढून : बनावटीसारखं, पण हेतू नसलेलं. इब्न हजर यांनी तर ते बनावटीतून काढून, दुसऱ्याचे शब्द चुकून हदीसमध्ये मिसळण्याच्या प्रकारात ठेवलं.

इब्न माजांच्या संग्रहातून मात्र ते वाक्य कुणी काढलं नाही. आजच्या प्रचलित आवृत्त्यांत ते 1333व्या क्रमांकावर, सगळ्या नावांसकट छापलेलं असतं.