डबल शिअरमधला 'निम्मा' बेअरिंगमध्ये नेऊ नका!

नमस्कार! क्लेव्हिस पिनच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "शिअरमध्ये 16 ची पिन बसते, मग तुम्ही 27 ची का घेतली?" आज तेवढंच बघू.

फोर्कच्या दोन बाहेरच्या प्लेट, प्रत्येकी 8 मिमी. मध्ये आयची प्लेट, 12 मिमी. ओढ 30 किलोन्यूटन. पिनला शिअरमध्ये 80 मेगापास्कल चालतात. सांधा हलता आहे, म्हणून बेअरिंगला, म्हणजे पिन भोकावर जो दाब देते त्याला, मी 100 धरतो.

शिअर तुम्हाला येतंच. पिन दोन ठिकाणी कापली जायला हवी, म्हणून क्षेत्रफळ दुप्पट.

`d = √(2P / πτ) = √(60000 / 251.3) ≈ 15.5`

म्हणजे 16 मिमी. इथे बरेच जण भारही निम्मा करतात आणि क्षेत्रफळही दुप्पट. दोन्ही नको, एकदाच!

आता बेअरिंग. एका कमेंटमध्ये आयवर 15 किलोन्यूटन धरून 12.5 मिमी काढलेत आणि लिहिलंय, "शिअरच ठरवतं." नाही हो. मधली प्लेट एकटी आहे. तिच्यावर पूर्ण 30 येतात. बाहेरच्या दोघी मिळून तेच 30 वाटून घेतात, 15-15.

पटत नसेल तर फक्त आयचं चित्र काढा. एका टोकाला 30 ची ओढ. तिला अडवणारी वस्तू एकच, पिन. मग पिन तिला 30 नेच ढकलणार ना?

`d = P / (t·σ) = 30000 / (12 × 100) = 25`

इथे d गुणिले t, म्हणजे ओढीच्या दिशेने पाहिल्यावर दिसणारं भोकाचं क्षेत्रफळ. अर्धा परीघ नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मी असाच एक सांधा उघडला होता. पिन सरळ, कुठे कापल्याची खूण नाही. आयचं भोक मात्र ओढीच्या दिशेने लांबट झालेलं. आपल्या उदाहरणात 16 ची पिन घातली तर आयवर 156 मेगापास्कल येतात, आणि तिथेही हेच होईल. सांधा खडखडायला लागला की आधी भोक मोजा, दोन दिशांनी.

बाहेरच्या प्लेट? दोन्हींची जाडी मिळून 16, आयच्या 12 पेक्षा जास्त, त्यामुळे त्या सुटल्या. त्या 5-5 च्या असत्या, तर बेरीज 10 आणि व्यास त्यांनीच ठरवला असता.

25 ची क्लेव्हिस पिन प्रमाणित मापांत नसते; 24 नंतर थेट 27. चोविसाला 104 येतात, म्हणून 27. मात्र भोक मोठं झालं की आयच्या कडेला उरलेलं मटेरियल पुन्हा तपासा. मला विचाराल तर डिझाइन अजून कागदावर असताना आयच 15 ची करावी. मग 20 च्या पिनला बरोबर 100 येतात. फक्त प्लेटमधल्या फटी कमी ठेवा, कारण फट वाढली की पिन वाकते आणि शिअरचं गणित ते दाखवत नाही.