ओल आली की आधी रंगारी बोलवू नका

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते बिल्डिंग हँडओव्हर झाल्यानंतरच्या काळाबद्दल, म्हणजे ज्याला सगळे डीएलपी म्हणतात, डिफेक्ट लायबिलिटी पिरियड. चाव्या दिल्या, फोटो काढले, आणि तिथून पुढे ठरलेल्या मुदतीत, बहुतेक वेळा १२ महिने, कॉन्ट्रॅक्टरच्या कामात जे दोष निघतील ते त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचे. मी बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूने ही दुरुस्तीची कामं बघितलीत, त्यातली एकच तक्रार आज नीट सांगतो, कारण नव्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त भांडणं होतात ती ओलीवरूनच.

हँडओव्हरला पाच महिने झाले होते. मालकाकडून मेसेज आला, "दुसऱ्या मजल्यावरचं बाथरूम गळतंय." बस, एवढंच. मी माणूस पाठवला, त्याने खालच्या मजल्यावर सीलिंगला ताटाएवढा पिवळट डाग बघितला, पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंग मारला, फोटो पाठवला आणि मी रजिस्टरमध्ये तक्रार बंद केली. सात आठवड्यांनी डाग परत, आणि आता दुप्पट. चूक माझीच होती, मी डाग दुरुस्त केला होता, गळती नाही. आणि मालकाचा विश्वास गेला तो वेगळाच, तो परत मिळवायला त्या दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस लागले.

तर दुसऱ्या वेळी आधी प्रश्न विचारले. ओल कायम असते की वापर झाल्यावर वाढते? घर चार दिवस बंद असतानाही डाग ओलाच राहत असेल तर संशय सप्लायच्या पाइपवर, कारण त्यात पाणी चोवीस तास प्रेशरखाली असतं. आंघोळीनंतर तासाभरात थेंब दिसत असेल तर ड्रेनच्या पाइपवर. आणि वापर झाल्यावर एक-दोन दिवसांनी हळूहळू डाग गडद होत असेल तर पाणी टाइल्सखालून झिरपत येतंय, म्हणजे वॉटरप्रूफिंग. आमच्याकडे हा तिसरा प्रकार दिसत होता, पण दिसतंय म्हणून फोडाफोडी करायची नसते, म्हणून मालकाचा माणूस समोर उभा करून तीन टेस्ट घेतल्या.

पहिली, सप्लाय लाइन. सगळे नळ काढून टोकं बंद केली आणि हातपंपाने प्रेशर दिलं, नेहमीच्या वापराच्या दीडपट, म्हणजे लाइन ४ बारवर चालते तर ६ बार. तासभर काटा हलला नाही, म्हणजे पाइप निर्दोष. दुसरी, ड्रेन. फरशी कोरडी ठेवून नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या, आत नळीने रंगीत पाणी सोडलं, फरशीला एक थेंब लागू दिला नाही, आणि खाली बघत बसलो. चार तास काही नाही, ड्रेनही निर्दोष. तिसरी पाँडिंग टेस्ट, ट्रॅपच्या आत प्लग घालून फरशीवर इंचभर पाणी उभं केलं, भिंतीवर पेन्सिलने लेव्हलची खूण केली आणि ४८ तास ठेवलं. इथे एक गोष्ट लोक विसरतात, पाणी नुसतं उडूनही जातं, त्यामुळे लेव्हल खाली आली म्हणजे गळती असं म्हणता येत नाही, शेजारी एका पसरट ट्रेमध्ये तेवढंच खोल पाणी भरून ठेवायचं आणि दोन्हीकडची घट ताडून बघायची. आमच्या ट्रेमधलं पाणी जेमतेम घटलं होतं, फरशीवरचं त्याच्या तिप्पट, आणि तिसाव्या तासाला खाली सीलिंगवर ट्रॅपच्या बरोबर भोवती ओलं कडं उमटलं.

म्हणजे ट्रॅपच्या आतून नाही, बाहेरच्या बाजूने. भोवतालच्या फूटभर टाइल्स काढल्या तर कारण समोरच होतं. स्लॅबला पाइपसाठी पाडलेलं भोक विटांचे तुकडे आणि साध्या मॉर्टरने बुजवलेलं, ते सुकून आकसलं आणि पाइपच्या कडेने केसाएवढी फट पडली, आणि वॉटरप्रूफिंगचा कोट ट्रॅपच्या कडेवर चढवायच्या ऐवजी दोन बोटं अलीकडेच संपवलेला. ही कारागिरीची चूक, वाद नाही, खर्च आमचा. हेच कारण जर मालकाने नंतर मारलेलं ड्रिल निघालं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, आणि म्हणूनच उघडताना दोन्ही बाजू हजर पाहिजेत. फिडिक या आंतरराष्ट्रीय इंजिनीअर संघटनेच्या १९९९ च्या नमुना करारात हे स्पष्ट लिहिलंय, इंजिनीअरने सांगितलं तर कारण शोधायचं काम कॉन्ट्रॅक्टरने करायचं, आणि दोष त्याच्या माथ्यावर निघाला नाही तर शोधायचा खर्च मालकाने त्याला द्यायचा.

दुरुस्ती अशी केली: भोक पूर्ण साफ करून न आकसणारा ग्राउट भरला, वर जाळीचं कापड घालून दोन कोट, ते ट्रॅपच्या कडेवर चढवून, डब्यावर लिहिलंय तेवढं सुकू दिलं, आणि टाइल्स लावायच्या आधी परत ४८ तास पाणी. आधी, कारण टाइल्स बसल्यावर फेल झालं तर परत फोडायचं कोण? मग टाइल्स लावून पुन्हा एकदा. खालचं सीलिंग मात्र महिनाभर उघडंच ठेवलं, ओलावा मोजायच्या मीटरने कोरडं दाखवलं तेव्हाच रंग. मालकाला ते उघडं सीलिंग बघवत नव्हतं, रोज फोन, पण ओल्या स्लॅबवर मारलेला रंग पोपडे धरतोच आणि मग नवी गळती की जुनी ओल हे कुणालाच सांगता येत नाही.

आणि त्याच टोळीने बाकीची अकरा बाथरूम केली होती. तिथेही पाणी उभं केलं, तीन फेल गेली, तक्रार एकातही नव्हती. एक दोष सापडला की तो आणखी कुठे असेल हे त्याच आठवड्यात बघायचं, कारण मुदत संपल्यावर तेच तीन डाग भांडण होऊन येतात.

आता मालकांसाठी दोन गोष्टी. एक, नुसतं "गळतंय" लिहू नका, कुठल्या खोलीत, डाग कधी दिसला, केवढा आहे, कशाने वाढतो, एक फोटो, आणि तारीख घालून लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. दुसरं, चिडून आपला प्लंबर आणून फोडायला लावू नका, आधी कॉन्ट्रॅक्टरला रीतसर मुदत द्या, ती पाळली नाही तरच दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च वसूल करायचा रस्ता खुला होतो, नाहीतर पुरावाच तुम्ही स्वतः उकरून फेकलेला असतो.

आणि तारखा. बहुतेक करारांमध्ये दोष मुदतीच्या आत कळवलेला असला की झालं, दुरुस्ती मुदतीनंतर संपली तरी जबाबदारी सुटत नाही, त्यामुळे शेवटच्या दिवशी पोचलेलं पत्रही चालतं. पण पंप, गीझर, लिफ्ट यांची कंपनीची वॉरंटी वेगळी धावते, कधी ती माल पुरवल्याच्या तारखेपासून मोजलेली असते आणि हँडओव्हरपर्यंत निम्मी संपलेली असते, ते कागद चाव्यांसोबतच मागून घ्या. रिटेन्शनचा, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून राखून ठेवलेल्या पैशांचा, उरलेला हप्ता सुटायच्या महिनाभर आधी दोघांनी मिळून एक फेरी मारा, वरच्या बाथरूममध्ये पाणी उभं करा, आणि दोन दिवसांनी खालच्या मजल्यावर जाऊन मान वर करून बघा.