वरची बोरी निघेपर्यंत

(नागपुरात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानातून)

तुमच्या वह्यांमध्ये एक तक्ता असतो: रोग, एन्झाइम, साठणारा पदार्थ. तो रात्री पाठ होतो आणि सकाळी टे-सॅक्स नि नीमन-पिकची अदलाबदल होते. म्हणून आज तक्ता बाजूला ठेवू आणि एकच प्रश्न नीट सोडवू.

आठ महिन्यांचं बाळ. बसायला लागलं होतं, आता मानही सावरत नाही. भांडं पडलं तरी जोरात दचकतं. डोळ्याच्या पडद्यावर लाल ठिपका आहे. यकृत आणि प्लीहा मात्र हाताला लागत नाहीत. काय साठलंय?

इतवारीतल्या गोदामातली थप्पी आठवा. हमाल सगळ्यात वरचीच बोरी उचलतो. लायसोसोममध्येही तसंच चालतं. जीएम२ गँग्लिओसाइडच्या तळाशी सेरामाइड, त्यावर ग्लुकोज, मग गॅलॅक्टोज. त्या गॅलॅक्टोजला बाजूने सियालिक आम्ल चिकटलेलं आणि टोकाला एन-अॅसिटिलगॅलॅक्टोसामाइन. ही टोकाची साखर हेक्सोसअमिनिडेज ए काढतं. ते नसेल तर खालची एन्झाइमं शाबूत असूनही त्यांच्यापर्यंत काम पोचतच नाही. म्हणजे साठतं ते जीएम२, आणि रोग टे-सॅक्स.

पण लाल ठिपका नीमन-पिकमध्येही दिसतो ना? दिसतो. पडद्यातल्या गँग्लियन पेशी फुगून पांढुरक्या होतात. मधल्या फोविआत त्या पेशी जवळजवळ नसतातच, म्हणून मागचा लाल रंग तेवढ्या जागी उठून दिसतो. पेशी कशाने फुगल्या हे ठिपका सांगत नाही. ते पोट सांगतं. जीएम२ मुख्यतः चेतापेशींत तयार होतं. नीमन-पिकच्या ए प्रकारात स्फिंगोमायलिनेज नसतं, आणि स्फिंगोमायलिन तर प्रत्येक पेशीच्या पटलात आहे. जुन्या पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेजमध्ये ते साठतं आणि यकृत-प्लीहा वाढतात. म्हणून प्रश्नातलं ‘प्लीहा लागत नाही’ हे वाक्य कधीच ओलांडून जाऊ नका.

आता खरी गंमत प्रयोगशाळेत आहे. हेक्सोसअमिनिडेज ए एका अल्फा आणि एका बीटा साखळीचं बनतं, बी दोन बीटांचं. रक्ताच्या नमुन्यात आधी दोन्हींची मिळून क्रिया मोजतात, मग नमुना तापवतात. उष्णतेने ए मरतं, बी टिकतं. जो फरक पडतो तो ए चा. टे-सॅक्समध्ये अल्फा बिघडलेली असते. एकूण आकडा बरा दिसतो, पण तापवल्यावर जवळजवळ घटतच नाही. बीटा बिघडली तर ए आणि बी दोन्ही जातात, एकूण आकडाच कोसळतो. तो सँडहॉफ; त्यात जीएम२ सोबत ग्लोबोसाइडही साठतं, म्हणून कधीकधी यकृत-प्लीहाही वाढलेली सापडते.

क्वचित बाळ हुबेहूब टे-सॅक्सचं दिसतं आणि दोन्ही एन्झाइमं उत्तम येतात. तिथे जीएम२ ला पटलातून उचलून एन्झाइमपुढे धरणारं अॅक्टिव्हेटर प्रथिनच नसतं. परीक्षानळीतला कृत्रिम पदार्थ पाण्यात विरघळतो, त्याला उचलून धरावं लागत नाही, म्हणून ही चाचणी त्या बाळात काहीच पकडत नाही.