पश्चिमेची भिंत कशाची बांधावी?

नमस्कार, श्रोते हो.

उन्हाळ्यात एक साधा प्रयोग करून बघा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला घराच्या आतून तळहात लावायचा. पहिल्यांदा दुपारी चारला, मग रात्री आठला आणि शेवटी झोपण्याआधी अकराच्या सुमारास. नऊ इंची विटेची भिंत असेल तर चारला ती बऱ्यापैकी गार लागेल, आठला कोमट आणि अकराला चांगली ऊनऊन. सूर्य मावळून चार तास झालेले असतात, बाहेर वारा सुटलेला असतो आणि खोलीत मात्र भिंत तापायला लागलेली असते.

ऊन भिंतीतून लगेच आत येत नाही. बाहेरचा पृष्ठभाग तापतो, मग तो ताप थराथराने आत सरकतो. नऊ इंची विटेतून आत पोहोचायला त्याला साधारण सात-आठ तास लागतात. म्हणजे दुपारी चारचं ऊन आपल्याला मध्यरात्रीच्या आसपास भेटतं. नवं घर बांधणारे मला विचारतात, वीट चांगली, पोकळ काँक्रीट ब्लॉक चांगला की तो बुडबुडेदार काँक्रीटचा पांढरा, हलका एएसी ब्लॉक? मी उलट विचारतो, त्या भिंतीच्या आतल्या बाजूला खोली कोणती आहे आणि तिथे माणसं कोणत्या वेळी असतात?

आधी एक गैरसमज काढून टाकू. पोकळ ब्लॉकमध्ये हवा असते, हवा उष्णता अडवते, म्हणून ती भिंत गार राहणार, असं बरेच जण धरून चालतात. ऐकायला पटतंही. पण ब्लॉकच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या आतल्या आडव्या भिंती भरीव काँक्रीटच्या असतात आणि काँक्रीट विटेपेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं. उष्णतेला तो पूलच मिळतो. शिवाय पोकळी मोठी असल्यामुळे तिच्यातली हवा स्थिर राहत नाही. तापलेल्या बाजूने वर चढते, थंड बाजूने खाली उतरते आणि ताप पलीकडे पोचवते. त्यामुळे आठ इंची पोकळ ब्लॉकची भिंत नऊ इंची विटेच्या भिंतीइतकीच, किंवा थोडी जास्तच, उष्णता आत सोडते. पोकळ ब्लॉक जरूर वापरा, पण त्याची कारणं वेगळी आहेत: काम भरभर होतं, माल कमी लागतो, पोकळीत सळ्या घालून काँक्रीट भरता येतं. गारव्यासाठी मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

एएसी ब्लॉकमध्येही हवाच असते, पण ती लाखो बारीक, सुट्या बुडबुड्यांत अडकलेली असते. तिला फिरायला जागाच नाही.

आता एक भिंत घेऊन हिशोब करू. पश्चिमेची झोपायची खोली, भिंत बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच. खिडकी वजा केली की साधारण नऊ-साडेनऊ चौरस मीटर उरते. दिवसरात्रीची सरासरी धरली, तर उन्हामुळे भिंतीच्या बाहेरची बाजू खोलीपेक्षा दहा अंशांनी गरम आहे असं समजू. दोन्हीकडून गिलावा केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीतून सुमारे 180 वॅट उष्णता आत येईल. पोकळ ब्लॉकमधून 200 च्या पुढे. आठ इंची एएसीमधून 70 च्या आत. म्हणजे विटेच्या खोलीत जुने 60 वॅटचे तीन दिवे अहोरात्र जळतायत आणि एएसीच्या खोलीत एकच. ही सरासरी झाली. रात्री अकराच्या सुमारास विटेचा आकडा याच्या बराच वर जातो, एएसीचा फारसा हलत नाही.

पण त्याच भिंतीत चार फूट बाय चार फुटांची उघडी काचेची खिडकी असेल, तर संध्याकाळचं तिरपं ऊन तिच्यातून एकटंच पाच-सहाशे वॅट आत ओततं. त्यामुळे खिडकीला बाहेरून सावली नसेल, तर भिंतीचा वाद घालणं म्हणजे दार उघडं टाकून फटी बुजवण्यासारखं आहे. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी छताकडे बघा.

मग सगळीकडे एएसीच का नको? जिथे हवा कोरडी असते आणि रात्री बाहेर खरोखर गारवा पडतो, तिथे घराच्या आत थोडं वजन असलेलं बरं. रात्री खिडक्या उघडल्या की विटेच्या आतल्या भिंती गार होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोलीतला ताप शोषत राहतात. अशा ठिकाणी मी बाहेरच्या पश्चिम आणि पूर्व भिंती एएसीच्या, आणि आतल्या विटेच्या सुचवतो. दमट हवेत रात्रही उबदारच असते. जड भिंतीला थंड व्हायला वेळच मिळत नाही. तिथे आतबाहेर हलक्या भिंतीच बऱ्या.

आता तक्रारीकडे वळतो. एएसीच्या भिंतीला तडे जातात, हे तुम्ही ऐकलं असेल. जातात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: गवंडी त्याला विटेसारखं वागवतो. वीट भिजवून लावायची असते, नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते. एएसी ब्लॉक भिजवला की तो फुगतो आणि भिंतीत बसल्यावर कित्येक महिने वाळत, आकसत राहतो. तो आकसला की सांध्यात फट पडते. म्हणून त्याच्यावर फक्त ओला ब्रश फिरवायचा आणि खास चिकट मालाचा दोन-तीन मिलिमीटरचा पातळ थर द्यायचा. एका दिवसात पाच फुटांच्या वर भिंत चढवायची नाही. बीमच्या खाली बोटभर फट ठेवायची आणि भिंत बसल्यावर काही दिवसांनी ती भरायची. कॉलम आणि भिंत मिळते तिथे गिलाव्याआधी जाळी मारायची. गिलावाही सिमेंट कमी असलेला, पातळ हवा. जास्त सिमेंटचा कडक गिलावा मऊ ब्लॉकवर टिकत नाही, सुटून पोकळ वाजतो.

तडा कुठे गेलाय यावरूनही बरंच कळतं. कॉलमच्या कडेने सरळ उभा गेला असेल तर जाळी राहिली. पायऱ्यांसारखा सांध्यासांध्यातून गेला असेल तर ब्लॉक ओले होते, किंवा पाया थोडा खचलाय. गिलाव्यावर नुसतंच कोळ्याच्या जाळ्यासारखं उमटलं असेल तर दोष गिलाव्याचा आहे, भिंतीचा नाही.

जोत्याच्या खाली, जिथे ओल कायम असते, तिथे एएसी नको. चांगली भाजलेली, दोन विटा आपटल्यावर खणखणीत वाजणारी वीटच हवी. गिझर किंवा एसीचं बाहेरचं युनिट टांगायचं असेल तर साधा खिळा एएसीत धरत नाही, आरपार बोल्ट घालावा लागतो. ती जागा आधीच ठरवून तिथे काँक्रीटचा पट्टा दिला तर उत्तम.

आणि ब्लॉकची गाडी आली की एक ब्लॉक वजनकाट्यावर ठेवा. दोन फूट लांब, आठ इंच उंच आणि आठ इंच जाड असा कोरडा ब्लॉक साधारण चौदा-पंधरा किलोचा भरतो. काटा वीसकडे झुकत असेल तर आत पाणी आहे. असा माल त्या दिवशी भिंतीत जाऊ देऊ नका. फळ्यांवर रचा, वरून झाका, वारा खेळू द्या आणि आठवड्याने पुन्हा वजन करा.