मोबाईल मेला, तिकीट जिवंत आहे

(कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. थोडी काटछाट केलीय.)

नमस्कार मंडळी. बोर्डावर माझ्या विषयाचं नाव "मेट्रोचे आधुनिक तंत्रज्ञान" असं लिहिलंय, ते ज्यांनी लिहिलं त्यांना नमस्कार, पण मी तेवढ्यासाठी आलेलो नाही. मी आयुष्यभर त्या तिकीट तपासणाऱ्या दांड्या आणि फ्लॅपच्या गेटांच्या धंद्यात होतो, आणि मला एकच गोष्ट सांगायचीय. तिकीट तुमच्या फोनमध्ये नसतं. ते कुठे असतं हे एकदा कळलं की बॅटरी संपल्यावर काय करायचं ते आपोआप कळतं. आता हे अर्ध्या तासात सांगायचं म्हणजे... बघू.

आधी ती स्वारगेटची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिच्यातच आहे. आमच्या नात्यातलंच कुटुंब, पाच माणसं, वनाजला मेट्रोत बसली. स्वारगेटहून एसटीने लग्नाला जायचं होतं. पाचही तिकिटं भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवरून काढली. म्हणजे पाच क्यूआर, एकाच फोनमध्ये, एकाखाली एक. आता वनाजच्या गेटवर काय झालं, तर पहिला क्यूआर दाखवून भाचा स्वतःच आत गेला! फोन त्याच्या हातात, बाकी चौघं बाहेर. मग फोन गेटवरून परत बाहेर, आत्या आत, फोन परत बाहेर, मामा आत. मागे रांग. आणि पुण्यात रांगेतली माणसं गप्प बसत नाहीत हे तुम्हाला माहितीय, "अहो फोन शेवटच्या माणसाकडे ठेवा ना" असं एका काकूंनी शेवटी सांगितलं. बरोबर होतं त्यांचं. एका फोनमध्ये जास्त तिकिटं असतील तर ज्याच्या हातात फोन आहे त्याने सगळ्यात शेवटी जायचं.

बरं, पुढे. डिस्ट्रिक्ट कोर्टला गाडी बदलायची. तिथे वरची अ‍ॅक्वा लाईन पुलावर आणि खालची पर्पल लाईन जमिनीखाली तीस मीटरपेक्षा खोल, एकामागून एक सरकते जिने. भाच्याने प्रत्येक जिन्याचा व्हिडिओ काढला. मग मंडईपर्यंत रील एडिट केली. स्वारगेटला उतरताना फोन काळा! आणि पाचजण गेटच्या आत उभे. आत्या म्हणाली "आता आपण बिनतिकीट झालो". नाही झाली ती बिनतिकीट, हाच माझा मुद्दा आहे, पण तेव्हा तिला कोण समजावणार.

(मागे आवाज येतोय का? येतोय. ठीक.)

तर क्यूआर म्हणजे काय. ती चौकोनी नक्षी जपानमध्ये 1994 मध्ये डेन्सो वेव्हने गाडीच्या सुट्ट्या भागांसाठी काढली. मेट्रोच्या क्यूआरमध्ये साधारण तिकीट क्रमांक, कुठून कुठे, कधीपर्यंत चालेल आणि एक डिजिटल सही असते. गेट ती सही तपासतं, म्हणून घरी चित्र काढून तिकीट बनवता येत नाही. पण हे तिकीट वापरलंय की नाही, आत गेलंय की बाहेर आलंय, हे त्या नक्षीत लिहिलेलं नसतं. चित्र आहे ते, बदलणार कसं? ती नोंद असते मेट्रोच्या सिस्टीममध्ये. वनाजला बीप झालं तेव्हा तिथे या क्रमांकासमोर "आत" असं लागलं. स्वारगेटला "बाहेर" लागायचं. म्हणजे तुमच्याकडे आहे तो देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्ला, चप्पल तिकडे त्यांच्याकडे आहे. बिल्ला हरवला म्हणून चप्पल नाहीशी होत नाही, फक्त ती तुमचीच आहे हे पटवावं लागतं.

याच्यावरून दोन गोष्टी निघतात. एक, स्क्रीनशॉट किंवा फॉरवर्ड केलेलं तिकीटसुद्धा साधारण चालतं, पण एकदाच, जो आधी जाईल त्याचं. काही अ‍ॅपमध्ये क्यूआर थोड्या थोड्या वेळाने बदलतो, तिथे स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही. दोन, तिकीट एकदा उघडलं की गेटवर तुम्हाला इंटरनेट लागत नाही. खाली भुयारात रेंज गेली तर घाबरू नका. लागतो तो फक्त उजेड, म्हणजे पेटलेली स्क्रीन.

आणि ही स्क्रीन बॅटरी संपायच्या आधीच त्रास द्यायला लागते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. बॅटरी कमी झाली की पॉवर सेव्हर चालू होतो आणि उजेड मंद करतो. गेट क्यूआर वाचत नाही, तुम्ही फोन आणखी काचेला चिकटवता, मग तर फोकसच जातो. फोन पाच-दहा सेंटीमीटर वर धरा आणि तेवढ्यापुरता ब्राइटनेस पूर्ण करा. आणि अंगठा! क्यूआरच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात, त्यांच्यावरून वाचणाऱ्याला कळतं की नक्षी कुठे आहे आणि कुठल्या दिशेने आहे. क्यूआरमध्ये चूक दुरुस्त करायची सोय असते, सगळ्यात वरच्या पातळीला जवळजवळ 30 टक्के नक्षी खराब झाली तरी वाचता येतं, म्हणून मध्ये तडा गेलेली स्क्रीन बऱ्याचदा चालते. पण कोपऱ्यातल्या चौकोनावर अंगठा ठेवला तर ती सोय काही करू शकत नाही. ज्येष्ठ मंडळी फोन घट्ट धरतात, तिथेच अडतं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिली. अजून डिजिटल वॉलेट राहिलंय आणि मी अजून आत्याला स्वारगेटच्या बाहेर काढलेली नाही.

वॉलेट पटकन. गूगल वॉलेट आपल्याकडे मे 2024 मध्ये आलं, त्यात तिकिटं, पास ठेवता येतात, पण तिकीट शेवटी स्क्रीनवर क्यूआर म्हणूनच दाखवायचं, त्यामुळे बॅटरी गेली की तेही गेलं. परदेशात फोन गेटला टेकवून जातात, जपानमध्ये, लंडनमध्ये, तिथे काम एनएफसीचं असतं, म्हणजे दोन वस्तू अगदी जवळ आणल्या की बिनतारी बोलतात ते. काही आयफोन बंद पडल्यावरही राखीव चार्जवर पाच तासांपर्यंत असा टॅप करू देतात. अ‍ॅपल पे आपल्याकडे नाही, म्हणून त्या भरवशावर इथे राहू नका. लंडनमध्ये जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, फोनने आत गेलात तर फोननेच बाहेर. फोनमध्ये जोडलेलं तेच बँकेचं कार्ड खिशातून काढून टेकवलं तरी सिस्टीम त्याला वेगळी वस्तू समजते आणि दोन अर्धवट प्रवास लावते, दोन्हीला जास्तीत जास्त भाडं.

आपल्याकडे खरा बिनबॅटरीचा मार्ग म्हणजे प्लॅस्टिकचं कार्ड. वन पुणे कार्ड, ते एनसीएमसी प्रकारातलं, म्हणजे देशभरातल्या मेट्रो-बसला एकच कार्ड चालावं म्हणून काढलेलं. कार्डात सेल नसतो. गेटमधून 13.56 मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र येतं, कार्डातल्या तारेच्या वेटोळ्यात त्यानेच वीज तयार होते आणि चिप जागी होते. म्हणजे कार्डाला वीज गेट देतं. आणि इथे नोंद उलटी असते बघा, तुम्ही कुठून आत गेलात ते आणि बॅलन्ससुद्धा चिपवरच लिहिलेला असतो. म्हणून मोबाईलवरून टॉपअप केला तरी पैसे लगेच कार्डात दिसत नाहीत, स्टेशनवर मशीनला कार्ड लावून बॅलन्स अपडेट करून घ्यावा लागतो. पैसे भरले तरी गेट उघडत नाही म्हणून भांडणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि गेट बिचारं बरोबर असतं.

आता बॅटरी. आत जायच्या आधीच फोन पाच टक्क्यांवर असेल तर मोबाईल तिकीट काढूच नका, खिडकीवरून किंवा मशीनमधून कागदी क्यूआर घ्या. तोही क्यूआरच, पण कागद विझत नाही. फक्त घडी कोपऱ्यांवर घालू नका आणि बाहेर पडेपर्यंत फेकू नका. बरोबर कुणी असेल तर ज्याचं तिकीट त्याच्या फोनवर आधीच पाठवा, पाच माणसं आणि एक बॅटरी असं करू नका.

आत गेल्यावर फोन मेला तर गेटवरून उडी नको आणि पुढच्या माणसाला चिकटून निघणं नको. गेटमध्ये सेन्सर असतात, ते अडकवतात, वर तुमचा क्रमांक "आत"च राहतो. आतच फार वेळही काढू नका, तिकिटाला वेळेची मर्यादा असते. सरळ गेटजवळच्या ग्राहक सेवा खिडकीवर जायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या: कुठल्या नंबरवरून तिकीट काढलं, कुठून, साधारण किती वाजता आत आलो. पैसे यूपीआयने दिले असतील तर दुसऱ्याच्या खात्यावरून दिले का तेही. घाबरून "तिकीट नाहीये" असं म्हणायचं नाही, "तिकीट आहे, फोन बंद आहे" असं म्हणायचं, दोन्हीत फार फरक आहे. कुणाचा चार्जर मिळाला तर उत्तम, पण पूर्ण मेलेला फोन लावला की लगेच उठत नाही, त्याला काही मिनिटं द्या. दुसऱ्याच्या फोनवर तुमच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करायचं म्हणाल तर ओटीपी तुमच्याच मेलेल्या फोनवर येणार! सिम काढून दुसऱ्याच्या फोनमध्ये टाकलं तर येतो, पण स्वारगेटच्या गर्दीत सिमची पिन कुठून आणता?

तर आत्या. तिथे आमच्या भाचीला सुचलं. भाच्याच्या बॅगेत ऑफिसचा लॅपटॉप होता आणि त्याच्यावर व्हॉट्सअ‍ॅप जोडलेलं. जोडलेलं यंत्र मुख्य फोन बंद असला तरी चालतं, चौदा दिवसांपर्यंत. भाचीने तिच्या फोनचा हॉटस्पॉट दिला, तिकिटं उघडली, कर्मचाऱ्याने मान हलवली, आणि मग पाच वेळा तो उघडा लॅपटॉप गेटच्या काचेवर उपडा धरला. चार वेळा बीप. पाचव्याला नाही, कारण क्यूआर अर्धा स्क्रीनच्या खाली राहिला होता, स्क्रोल केल्यावर झालं. या वेळी फोन, म्हणजे लॅपटॉप, शेवटच्या माणसाकडे होता. एसटी मिळाली.

प्रश्न घेतो, एकच. हां काका, बोला. कार्ड हरवलं तर? तर चिपवरचा ऑफलाईन बॅलन्स गेला, तो परत मिळत नाही, त्यात जास्तीत जास्त 2000 रुपये बसतात पण तेवढे भरायचे कशाला, महिन्याला लागेल तेवढेच ठेवा. आणि कार्ड खिशात मोबाईलच्या कव्हरमध्ये दुसऱ्या कार्डाबरोबर ठेवू नका, गेटला दोन चिप एकदम दिसल्या की ते दोन्ही नाकारू शकतं.