साठ-चाळीसचा हिशेब नेमका कसा होतो

(निवड चाचणीपूर्वी संघाच्या व्यवस्थापकांनी पालकांशी केलेल्या बोलण्याचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. चाचणीच्या गुणांना साठ टक्के आणि प्रशिक्षकांच्या मूल्यांकनाला चाळीस टक्के, हे तुम्ही पत्रकात वाचलंच असेल. चौदा वर्षांखालच्या फुटबॉल संघाची अंतिम यादी त्यावरून ठरते. पण या साठ-चाळीसमागे एक गोष्ट दडलेली आहे. मागच्या हंगामात ती माझ्याही लक्षात उशिरा आली, म्हणून आज ती नीट सांगतो.

मागच्या वेळी १४ नंबरचं बिब घातलेल्या मुलाला चाचणीत शंभरपैकी ७८ मिळाले आणि प्रशिक्षकांनी त्याला दहापैकी ७ दिले. २२ नंबरच्या मुलाला चाचणीत ६८ आणि प्रशिक्षकांचे ८. मूल्यांकन शंभरात आणून सरळ बेरीज केली, तर पहिल्याचे ७४.८ होतात आणि दुसऱ्याचे ७२.८. जागा एकच होती, ती १४ नंबरला गेली. २२ नंबरच्या आईने मला विचारलं, "सर, कोचनी तर याला सगळ्यात वरच्या मुलांत धरलंय, मग तो बाहेर कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन मी पूर्ण तक्ता पुन्हा काढून बसलो.

चाचणीचे गुण ४५ पासून ८५ पर्यंत पसरलेले होते, कारण धावणं आणि ड्रिब्लिंग घड्याळावर मोजलं जातं आणि तिथे फरक आपोआप मोठा पडतो. प्रशिक्षकांचे आकडे मात्र जवळपास सगळे साडेसहा ते आठच्या मध्ये. कुणालाही दुखवायला नको, म्हणून माणूस मधले आकडे देतो. परिणाम असा, की चाचणीमुळे दोन मुलांमध्ये २४ गुणांपर्यंत फरक पडू शकत होता आणि प्रशिक्षकांच्या मतामुळे जेमतेम सहा. कागदावर चाळीस टक्के असलेलं मत प्रत्यक्षात जवळपास त्याच्या निम्म्यानेच मोजलं जात होतं. प्रशिक्षक आठवडेच्या आठवडे मुलांना खेळताना पाहतात, चेंडू नसताना मुलगा कुठे उभा राहतो हे त्यांनाच कळतं, आणि तेच हिशेबातून गळत होतं. याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून यंदा आपण कच्चे आकडे जोडणार नाही. मूल सरासरीच्या किती वर किंवा खाली आहे ते बघायचं आणि त्या यादीतल्या नेहमीच्या फरकाने भागायचं. गणितात त्या नेहमीच्या फरकाला प्रमाण विचलन म्हणतात. मागच्याच यादीवर करून बघू. चाचणीची सरासरी ६५ होती आणि नेहमीचा फरक १०. म्हणजे १४ नंबर १.३ ने वर आणि २२ नंबर ०.३ ने वर. प्रशिक्षकांची सरासरी ७ आणि फरक अर्ध्या गुणाचा, म्हणजे १४ नंबर बरोबर सरासरीवर, शून्य, आणि २२ नंबर २ ने वर. आता साठ-चाळीस लावा. १४ नंबरचे होतात ०.७८ आणि २२ नंबरचे ०.९८. क्रम उलटला.

याच पद्धतीने आणखी एक अडचण बरीचशी सुटते. एका प्रशिक्षकांचा हात सढळ असतो, त्यांची सरासरी ८ येते. दुसऱ्यांचा आखडता, त्यांची ६. दोघांनी दिलेला ७ सारखा कसा असेल? एकाकडे तो सरासरीखाली आहे, दुसऱ्याकडे वर. म्हणून प्रत्येकाचे गुण त्यांच्याच सरासरीशी ताडायचे. पण इथे एक धोका आहे. एखाद्या प्रशिक्षकांच्या गटात खरोखरच चांगली मुलं जास्त आली, तर त्या मुलांवर अन्याय होतो. त्यासाठी दुसऱ्या दिवशी गट मिसळून छोटे सामने ठेवले आहेत आणि प्रत्येक मुलाला दोन्ही प्रशिक्षक बघतील. मूल्यांकनाचे कागद चाचणीचे गुण कळण्याआधीच माझ्याकडे जमा होतील. एकदा ८५ चा आकडा दिसला, की त्याच मुलाचा पासही जास्त अचूक वाटायला लागतो.

गोलरक्षकांची यादी वेगळी असेल. त्यांची तुलना फक्त एकमेकांशी.

आता ते ०.७८ आणि ०.९८ पुन्हा बघा. हा फरक निर्णायक आहे का? माझ्या मते नाही. तोच मुलगा तीच ड्रिब्लिंगची चाचणी दुसऱ्या दिवशी देतो, तेव्हा चार-पाच गुण सहज इकडचे तिकडे होतात. नव्या पद्धतीने मागच्या वेळी २२ नंबर घ्यायलाच हवा होता, असंही मी म्हणणार नाही. त्याला पुन्हा बघायला हवं होतं, एवढं नक्की म्हणेन. म्हणून यंदा शेवटच्या जागेच्या आसपास पाव गुणाच्या आत जी मुलं असतील, त्यांना एका जादा सामन्याला बोलावू. तो सामना दोन्ही प्रशिक्षक आणि बाहेरून येणारे तिसरे प्रशिक्षक बघतील. बाहेरून येणाऱ्यांना आधीचा एकही आकडा सांगितलेला नसेल. यादी लागल्यावर तुमच्या मुलाचा कागद बघायचा असेल तर माझ्याकडे या, दोन्ही आकडे आणि त्यांच्या सरासरी तुमच्यासमोर ठेवतो.