उकळलेलं, गोळी टाकलेलं की गाळलेलं

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस सुरू झाला की नळाला, विहिरीला गढूळ पाणी येतं आणि जुलाब-काविळीचे पेशंट वाढतात. मग कुणी पाणी उकळतं, कुणी क्लोरीनची गोळी टाकतं, कुणी म्हणतं आमच्याकडे कँडलवाला फिल्टर आहे, आम्हाला काय होतंय! आज बोलायचंय ते यावर, की यातल्या कुठल्या उपायातून काय निसटतं.

पोट बिघडवणारे जंतू ढोबळमानाने तीन जातीचे. व्हायरस सगळ्यात बारीक, म्हणजे रोटा, काविळीचे हेपॅटायटिस ए आणि ई. त्याहून मोठे बॅक्टेरिया, म्हणजे कॉलरा, टायफॉइडवाले. आणि सगळ्यात मोठे जिआर्डिया, अमीबा, क्रिप्टोस्पोरिडियम, हे पाण्यात कवचात बसून राहतात.

आता कँडल. ती सिरॅमिकची असते, तिची छिद्रं साधारण एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून बारीक, त्यामुळे कवचवाले अडकतात, चांगल्या कँडलमध्ये बहुतेक बॅक्टेरियाही अडकतात, पण व्हायरस मात्र आरामात खाली उतरतात. म्हणजे काविळीची साथ असताना नुसत्या कँडलवर राहू नका.

क्लोरीनचं बरोबर उलटं. बॅक्टेरिया पटकन मरतात, बरेचसे व्हायरसही मरतात, जिआर्डियाला वेळ लागतो आणि क्रिप्टोस्पोरिडियम तर दाद देतच नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात तो सार्वजनिक पुरवठ्याच्या पाण्यातून घराघरात गेला, क्लोरीन घातलेलं असूनही, आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले.

आपल्याकडचं उदाहरण दिल्लीचं. १९५५-५६ मध्ये यमुनेत सांडपाणी मिसळून ते पाणीपुरवठ्यात शिरलं, क्लोरीन वाढवलं म्हणून टायफॉइड वगैरे फारसा वाढला नाही, पण काविळीचे जवळपास २९ हजार पेशंट झाले. तो हेपॅटायटिस ई होता हे खूप वर्षांनी कळलं. आपल्या इचलकरंजीतही २०१२ मध्ये हीच कावीळ पसरली होती. घाण खूप असली की क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं, जंतूंसाठी उरतच नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणूनच गढूळ पाण्यात थेट गोळी टाकायची नाही. समजा, घरी वीस लिटर गढूळ पाणी आलंय. आधी तुरटी फिरवून तासभर स्थिर ठेवा, वरचं नितळ पाणी चौपदरी सुती कापडातून गाळून घ्या. मग पाकिटावर बघा गोळी किती लिटरची आहे, कारण वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात, आणि आपला हंडा किती लिटरचा हेही एकदा बाटलीने मोजून ठेवा, अंदाजाने बरेच जण चुकतात. गोळी पूर्ण विरघळू द्या, झाकण ठेवून अर्धा तास थांबा, पाणी गार असेल तर जास्त. अर्ध्या तासाने क्लोरीनचा हलकासा वास यायला हवा, वासच नाही म्हणजे क्लोरीन संपलं, अजून एक डोस टाकून पुन्हा अर्धा तास थांबा. गोळी ओलसर झाली असेल किंवा तारीख उलटून गेली असेल तर सरळ फेकून द्या.

कँडल आणि क्लोरीन दोन्ही असतील तर आधी कँडल, मग गोळी. कँडलने कवचवाले काढले, गोळीने बारीक व्हायरस मारले, दोघांच्या फटी बुजल्या. गोळी आधी टाकलीत आणि कँडलमध्ये कार्बन असेल तर तो क्लोरीन शोषून घेतो, मग खालच्या भांड्यात साठलेल्या पाण्याला राखणच राहत नाही.

उकळणं मात्र तिन्ही जातींना पुरतं. नुसते तळाशी बुडबुडे दिसले म्हणून गॅस बंद करू नका, पूर्ण खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवा. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, पण आपलं कळसूबाईचं शिखरच १,६४६ मीटर, तेव्हा महाराष्ट्रात तो प्रश्न नाही, लडाखला गेलात तर आहे. उगाच वीस मिनिटं उकळून सिलिंडर संपवायची गरज नाही. अडचण आहे ती नंतर! उकळलेल्या पाण्यात पुढच्या जंतूंना मारायला काही उरत नाही, म्हणून ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून गार करा, आणि काढताना हात न बुडवता ओगराळ्याने काढा किंवा तोटीचं भांडं वापरा.

कँडलवाल्यांसाठी शेवटचं. धार मंदावली की वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासा, साबण अजिबात नको. आणि कधी धार अचानक जोरात सुरू झाली तर खूश होऊ नका, कँडलला तडा गेलाय किंवा खालचा वायसर ढिला झालाय. वायसर घट्ट बसवून बघा, तरीही धार तशीच राहिली तर नवी कँडल आणा आणि तोपर्यंत पाणी उकळूनच प्या.